25 मिमी प्लंजर, H7/g6 दिलं, दोन्ही पार्ट मापात, तरी 10 पैकी 6 सेट अडकतायत

सोम्या_टूलरूम

नमस्कार मंडळी. भोसरीत एका छोट्या टूलरूममध्ये आहे, डिप्लोमा करून दोन वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या ड्रिलिंग फिक्श्चरसाठी इंडेक्सिंग प्लंजरचे 10 सेट करायचे आहेत. प्लंजर 25 मिमीचा, हार्डन करून ग्राइंड केलेला. तो गनमेटलच्या बुशमध्ये हाताने मागेपुढे सरकला पाहिजे. बुश 40 लांब, बाहेरून 32, कास्ट आयर्नच्या बॉडीत प्रेस केलेलं.

ड्रॉइंगवर फक्त "25 स्लायडिंग फिट" लिहिलंय आणि खाली टीप आहे की खेळ 0.045 च्या वर चालणार नाही. तक्ता उघडून मी H7/g6 काढलं. ऑपरेटरला कागदावर असं लिहून दिलं: बुशचं भोक 25.000 ते 25.021, प्लंजर 24.980 ते 24.993. दोन्ही त्याच मापात आले, मी स्वतः तपासलेत. बुश बसवल्यावर मात्र 4 सेट लोण्यासारखे सरकतात आणि 6 मध्ये प्लंजर अर्ध्यात अडकतो. साहेब म्हणतात g6 चुकलंय, f7 घ्यायला हवं होतं. खरंच माझी निवड चुकली का?

लेथमामा

तक्ते-बिक्ते कशाला? चाळीस वर्षं एकच हिशोब करतोय. भोक पुऱ्या नंबरावर ठेवायचं आणि शाफ्ट दोन शंभरांश कमी. 25 ला 24.98. तेल लावून सोडा, आपोआप जाईल. तुमच्या पोरांना मायक्रॉन दिसतात, फिट हाताला कळत नाही.

मृण्मयी_ड

मामा, तुमचा आकडा 25 ला योगायोगाने जुळतो. पण 24.980 ही g6 ची तळाची हद्द आहे. नेम त्याच काठावर धरला तर निम्मे प्लंजर हद्दीखाली जातील. हाच 0.02 तुम्ही 6 मिमीच्या पिनला लावून बघा. 6 ला H7 म्हणजे 12 मायक्रॉन आणि g6 चा शाफ्ट 5.988 ते 5.996. तुमचा 5.980 चा शाफ्ट तिथे खडखड वाजेल.

सोम्या, तुझी निवड बरोबर आहे. तक्त्यात नाव शोधण्याआधी हिशोब उलटा करून बघ, मग साहेबांना काय सांगायचं ते तुलाच कळेल. गिऱ्हाईक जास्तीत जास्त 45 म्हणतंय. कमीत कमी किती हवा? हाताने सरकायचंय, तेलाचा थर राहायचाय, म्हणून 5 धर. म्हणजे भोक आणि शाफ्ट या दोघांच्या फरकाला मिळून 40 मायक्रॉन मिळाले. ते वाटून द्यायचे. भोक शाफ्टपेक्षा अवघड, म्हणून मोठा वाटा भोकाला. 25 मिमीला सातवा ग्रेड 21 चा आणि सहावा 13 चा. बेरीज 34, बसलं. दोघांनाही सातवा दिलास तर 42 होतात, नाही बसत.

आता जागा ठरवायची. भोक शून्यापासून वर, म्हणजे H. शाफ्टचं वरचं टोक निदान 5 खाली हवं. g चं 7 खाली असतं, जमलं. खालचं टोक 7 अधिक 13, म्हणजे 20 खाली. सगळ्यात मोठं भोक आणि सगळ्यात बारीक शाफ्ट एकत्र आले तर खेळ 41, आणि उलट झालं तर 7. दोन्ही गिऱ्हाइकाच्या हद्दीत. साहेबांचं f7 घेतलंस तर शाफ्ट 24.959 ते 24.980 होईल आणि खेळ 62 पर्यंत जाईल. प्लंजर सरकेल, पण गिऱ्हाईक परत पाठवेल.

पंपवाले काका

याच विषयावर विचारतो. विहिरीवरच्या मोटरच्या शाफ्टवर 6205 बेअरिंग बसतं, तेही 25 चंच. आतली रिंग शाफ्टवर फिरायला लागली आहे. मेकॅनिकने पंचने ठोके मारून दिले, महिनाभर चाललं, परत तेच. मग मीही g6 करून घ्यावं का?

गंजलेला नट

काका, तुमचं दुखणं नेमकं उलटं आहे. सोम्याला सरकायला हवंय, तुम्हाला सरकायला नकोय. बेअरिंगच्या आतल्या रिंगचं माप 25 च्या खाली असतं, 24.990 ते 25.000. शाफ्ट भरून घ्या आणि k6 ला, म्हणजे 25.002 ते 25.015 ला ग्राइंड करून घ्या. पंचचे ठोके म्हणजे टोकांवर बसवलेलं बेअरिंग, ती टोकं आठवड्यात चपटी होतात. g6 केलंत तर दुसऱ्या दिवशी मोटर ओरडेल.

आता सोम्या. मृण्मयीताईंचा हिशोब चोख आहे. पण तू लिहिलंयस "दोन्ही त्याच मापात आले". बुशचं भोक कधी मोजलंस? बॉडीत बसवण्याआधी की नंतर? आणि बुशच्या बाहेरच्या मापाला काय दिलं होतं?

सोम्या_टूलरूम

बसवण्याआधी. सीएनसीवर बाहेरचं आणि आतलं एकाच सेटिंगमध्ये केलं. बाहेरून 32 ला p6, बॉडीचं भोक H7.

गंजलेला नट

मग झालं. तू g6 च्या मागे लागलायस आणि चोर शेजारच्या फिटमध्ये बसलाय.

प्रेस केलं की बुश बाहेरून दाबलं जातं आणि भोक आवळतं. 32 ला H7 म्हणजे बॉडी 32.000 ते 32.025. p6 म्हणजे बुश 32.026 ते 32.042. त्यामुळे आवळ कुठे 1 मायक्रॉनची, तर कुठे 42 ची. तुझ्यासारख्या साडेतीन मिमी भिंतीच्या गनमेटल बुशमध्ये, जाड बॉडी असेल तर, आवळीच्या साधारण 70 टक्के फरक आतल्या भोकात उतरतो. म्हणजे कुठे भोक जेमतेम 1 ने कमी होईल, तर कुठे 29 ने. तुझं सगळं H7 जेमतेम 21 चं.

म्हणूनच चार सुटे आणि सहा घट्ट. सगळेच अडकले असते तर मीही g6 वर शंका घेतली असती. वहीत बॉडीची मापं असतील तर एक घट्ट आणि एक सुटा सेट काढ आणि बसवलेल्या बुशमध्ये बोअर गेज घाल. व्हर्नियर घालू नकोस, त्याचा एक भागच तुझ्या सबंध H7 एवढा आहे.

सोम्या_टूलरूम

वही होती म्हणून वाचलो. बोअर गेज मास्टर रिंगवर सेट करून मोजलं.

सेट 4 (घट्ट): बॉडी 32.006, बुश बाहेरून 32.038, आतून आधी 25.010. बसवल्यावर 24.988. प्लंजर 24.987.

सेट 7 (सुटा): बॉडी 32.021, बुश 32.028, आतून आधी 25.011. बसवल्यावर 25.006. प्लंजर 24.988.

म्हणजे सेट 4 मध्ये 32 च्या आवळीने 22 खाल्ले आणि सेट 7 मध्ये 7 च्या आवळीने 5. एकही पार्ट मापाबाहेर नाही, तरी एकात खेळ 1 आणि दुसऱ्यात 18. कॅलिब्रेशनची चिठ्ठी पण आहे हो, उगाच शंका घेऊ नका.

लेथमामा

बघा, म्हणजे भोक लहान होतं हे तर मी मानतो. मग सोपं आहे. आधीच 2 शंभरांश मोठं बोअर करायचं, आवळलं की बरोबर जागेवर येईल. आम्ही असंच करायचो.

गंजलेला नट

मामा, अर्धं बरोबर. आवळ दरवेळी तेवढीच असती तर 20 वाढवून काम भागलं असतं. पण ती 1 ते 42 मध्ये कुठेही असते. तुम्ही 25.020 ते 25.041 बोअर केलंत तर मोठी आवळ मिळालेलं बुश 24.991 ला येईल आणि छोटी आवळ मिळालेलं 25.040 ला राहील. पट्टा जागेवरून हलला, रुंदी मात्र वाढली. आधीचे 21 आणि आवळीतले 28 मिळून पन्नासच्या आसपास जातात.

तुम्ही करायचात ते चालायचं, कारण तुम्ही प्रत्येक बुश बॉडीला जुळवून टर्न करायचात. म्हणजे आवळ तुम्ही हाताने ठरवायचात. इथे दहा बॉडी एकीकडे आणि दहा बुश दुसरीकडे होतात.

सोम्या, मार्ग असा. बुश आतून 24.8 च्या आसपास ठेव, बॉडीत बसव आणि मग जागेवर रीमर मार. H7 चा रीमर स्वतः 25.009 ते 25.017 च्या आसपासच घासलेला असतो, म्हणजे भोक थोडं मोठं पडलं तरी हद्दीत राहतं. प्लग गेजने तपास, गो बाजू आपल्या वजनाने आत गेली पाहिजे आणि नो-गो तोंडावरच थांबली पाहिजे. ज्या बुशांचं बोअरिंग आधीच झालंय त्यातली जी आवळून 25 च्या खाली आलीत ती रीमरने निघतील. सेट 7 ला हात लावू नकोस.

मृण्मयी_ड

नटकाका, दुसरा मार्गही आहे. बाजारात मिळणारे तयार बुश आतून E6 ला असतात, म्हणजे 25 ला 25.040 ते 25.053. बसवल्यावर ते आवळून साधारण H8 ला येतात, रीमरची गरज पडत नाही. मामांची कल्पना तिथे कामाला येते, फक्त भोकाचा पट्टा 13 मायक्रॉनवर आवळून.

पण H8 म्हणजे 33. g6 बरोबर खेळ 53 पर्यंत जातो. सोम्याच्या 45 मध्ये नाही बसत.

गंजलेला नट

मान्य. 200 नगांच्या कामाला मी तेच घेईन आणि गिऱ्हाइकाला 55 मान्य करायला सांगेन. 10 नगांना रीमर स्वस्त.

चक्री

मी ग्राइंडिंगवाला. या धाग्यात सगळे भोकाच्या मागे लागलेत म्हणून एक विचारतो. प्लंजर सेंटरवर ग्राइंड केलेत की सेंटरलेसवर? सेंटरलेसवर केलेला शाफ्ट कधी कधी तीन कोनी गोल होतो. मायक्रोमीटर कुठेही लावा, माप तेच दाखवतं, आणि रिंगमध्ये मात्र जात नाही. मायक्रोमीटर समोरासमोरचे दोन बिंदू मोजतो. तीन फुगवट्यांच्या शाफ्टला प्रत्येक फुगवट्यासमोर खोलगट भाग असतो, बेरीज सारखीच येते.

सोम्या_टूलरूम

बाहेरून करून घेतलेत, सेंटरलेस. तसं असेल तर कळणार कसं? आमच्याकडे राउंडनेस मशीन नाही.

चक्री

90 अंशाच्या व्ही ब्लॉकवर ठेव, वर डायल लाव आणि सावकाश फिरव. तीन फुगवटे असतील तर एका फेऱ्यात डायल तीनदा वर जाऊन खाली येईल. डायल जेवढी नाचेल त्याच्या निम्मी खरी चूक समज. सपाट टेबलावर ठेवून डायल लावू नकोस, तिथे ती हलणारच नाही आणि तू खूश होशील.

सोम्या_टूलरूम (तीन दिवसांनी)

हिशोब देतो. सहाही घट्ट बुश जागेवर रीम केले. आता बोअर 25.003 ते 25.012 च्या दरम्यान आहेत, एक सोडून (त्याचं खाली लिहितो). सहापैकी तीन मस्त सरकतात.

एक मोकळा होता पण खरखरत होता. आत बघितलं तर तेलाच्या खाचेच्या कडेला रीमरने उभी केलेली बर होती. स्क्रेपरने काढली, सुरळीत.

पाचवा मात्र ढिम्म. मापं: बोअर 25.004, प्लंजर मायक्रोमीटरवर तीन ठिकाणी 24.991. खेळ 13 असायला हवा. चक्रीदादांचं ऐकून व्ही ब्लॉकवर ठेवला. डायल एका फेऱ्यात तीनदा हलली, दरवेळी 20 मायक्रॉन. म्हणजे गोलाईची चूक 10. 24.993 ची गो रिंग लावली, ती बसली नाही. मायक्रोमीटरला 24.991 दिसणारा तो शाफ्ट भोकाला 25.001 वाटत होता. खेळ 3, तोही सरळ धरला तर. बाकीचे नऊ प्लंजर तपासले, दोन अजून तसेच निघाले, पण त्यांची बुश मोठी होती म्हणून चालले होते. तिन्ही परत पाठवतोय.

चक्री

रेग्युलेटिंग व्हील आणि ब्लेडची उंची बघायला सांग त्यांना. जॉब मध्यरेषेच्या पुरेसा वर नसेल तर असे फुगवटे येतात. आणि ऑर्डरवर नुसतं g6 लिहू नकोस. "24.993 च्या रिंगमधून गेलं पाहिजे" असं लिही. नाहीतर ते मायक्रोमीटर दाखवून मोकळे.

मृण्मयी_ड

सोम्या, एक राहिलंच. गिऱ्हाइकाचे 0.045 कुठे मोजायचे आहेत? बुशपाशी की प्लंजरच्या टोकाशी? टोक बुशच्या बाहेर किती येतं?

सोम्या_टूलरूम

30 मिमी बाहेर. ड्रॉइंगवर कुठे मोजायचं ते लिहिलेलं नाही.

मृण्मयी_ड

मग आधी विचार. खेळ 41 असेल तर प्लंजर 40 मिमीच्या बुशमध्ये तिरका बसू शकतो, एका तोंडाला वर टेकून आणि दुसऱ्याला खाली. बुशच्या कडेला तो मध्यापासून 20 हललेला असतो, पुढच्या 30 मिमीत अजून 31 ची भर पडते. टोक एका बाजूला जवळजवळ 51 आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच. टोकाशी 45 हवं असेल तर H7/g6 मध्ये तुझा सगळ्यात सैल सेट नापास. बुश 60 लांब केलंस तर एका बाजूचे 51 चे 41 होतात, तरी दोन्ही बाजू मिळून 80 च्या वर. तिथे ग्रेडच बदलावा लागेल, किंवा सेट जुळवून द्यावे लागतील.

लेथमामा

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न ड्रॉइंगवाल्याचा आहे. "स्लायडिंग फिट" लिहून मोकळे. सरकण्याचेही प्रकार असतात. आमच्या टेलस्टॉकचा बॅरलही सरकतो आणि कपाटाचा खणही सरकतो.

सोम्या_टूलरूम

मामा 😀 +1.

गिऱ्हाइकाला मेल टाकलीय. उत्तर यायचंय. राहिलं ते सेट 9 चं बुश. रीमर मारताना घाई झाली, गनमेटलमध्ये चिप अडकली आणि भोक 25.026 ला गेलं. नो-गो आत जातंय. बुश काढायचं म्हणजे बॉडीचं भोक खरवडणार. प्लंजर 24.990 चा आहे, खेळ 36. गिऱ्हाइकाच्या 45 मध्ये आहे ना? मग देऊ का तसंच?

गंजलेला नट

आजचा सेट चालेल. पण प्लंजर झिजल्यावर गिऱ्हाईक तुझ्याच ड्रॉइंगवरून नवा बनवेल, तो 24.980 ला आला तर खेळ 46. तू त्याला सांगणार आहेस का की या एका बॉडीला वेगळा प्लंजर लागतो?

लेथमामा

1 मायक्रॉनसाठी बॉडी फेकायची? 24.995 चा प्लंजर दे, सेटवर नंबर मार, विषय संपला.

गंजलेला नट

मग पाच वर्षांनी तो नंबर रंगाखाली जातो आणि कुणीतरी इथेच नवा धागा काढतो. मी असतो तर बुश बदललं असतं. बॉडीचं भोक खराब झालं तर बाहेरून 32.5 चं बुश करायचं, बॉडी तेवढी उघडायची. पण बॉडी माझी नाही.

पंपवाले काका

शाफ्ट भरून k6 ला ग्राइंड करून घेतला. बेअरिंग हाताने बसेना, तेलात गरम करून बसवलं. मेकॅनिक म्हणतो माप चुकलंय, हाताने बसायला हवं. बरोबर झालंय ना?

गंजलेला नट

बरोबर झालंय, काका. हाताने बसलं असतं तर चुकलं असतं.